केबलभोवतीचे पांढरे वलय: के. आर. पुरमच्या पुलाच्या एका छायाचित्राचे परीक्षण

पाठाची उद्दिष्टे

या पाठात आपण एकाच छायाचित्राचे परीक्षण करणार आहोत. पाठ संपल्यावर तुम्हाला तीन गोष्टी जमायला हव्यात. शार्पनिंग ही क्रिया चित्रातील आकड्यांवर नेमके काय करते, हे सांगता यावे. अति शार्पनिंगमुळे आलेले वलय आणि खरखरीत पोत डोळ्यांनी व मोजमापाने ओळखता यावेत. आणि असे बिघडलेले चित्र कशासाठी वापरता येईल व कशासाठी नाही, याचा निर्णय कारणासहित देता यावा.

१. चित्र आणि त्याचा विषय

बेंगळुरूच्या पूर्वेला के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, रेल्वे स्थानकाजवळ रुळांवरून जाणारा केबलवर तोललेला पूल आहे. तो २००३ साली वाहतुकीला खुला झाला. स्थानिक लोक त्याला ‘हँगिंग ब्रिज’ म्हणतात. तंत्राच्या भाषेत तो झुलता पूल नव्हे. मनोऱ्यापासून तिरप्या उतरणाऱ्या सरळ केबलींनी त्याचा रस्ता धरलेला आहे. जुन्या मद्रास रस्त्याची वाहतूक टिन फॅक्टरीकडून याच पुलावरून पुढे जाते. आज त्याच्या शेजारून मेट्रोचा उन्नत मार्ग जातो. व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम हा टप्पा मार्च २०२३ मध्ये सुरू झाला आणि के. आर. पुरम ते बैयप्पनहळ्ळी हा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये.

परीक्षणासाठी घेतलेले छायाचित्र माझे स्वतःचे आहे. ते २०१६ सालचे आहे, म्हणजे मेट्रोचे खांब उभे राहण्याआधीचे. संध्याकाळची वेळ, फिकट राखाडी-निळे आकाश, त्यावर गडद दिसणाऱ्या केबली, खाली रुळ आणि खडी, आणि पुलावर वाहनांची रांग. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा होता, म्हणजे चित्र ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे. त्या जागेवरून तसे दृश्य आज मिळत नाही. आकाशाचा मोठा भाग मेट्रोच्या मार्गाने व्यापला आहे.

गेल्या वर्षी हे चित्र ए-२ आकारात छापून वर्गाच्या भिंतीवर लावावे असे ठरले. छापून आले तेव्हा प्रत्येक केबलच्या दोन्ही बाजूंना खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. आकाश रव्यासारखे दाणेदार दिसत होते. खडी, झाडांची पाने आणि सिमेंटचा मनोरा या तिन्हींचा पोत एकसारखा खरखरीत झाला होता. छपाईवाल्याचा त्यात काही दोष नव्हता. दोष फाइलमध्ये होता, आणि तो मीच २०१६ साली घातला होता. कच्ची फाइल मी जागा वाचवण्यासाठी पुसून टाकली होती. राहिली होती ती एकच, शार्पनिंग केलेली जेपेग फाइल.

त्यामुळे प्रश्न केवळ आवडीनिवडीचा उरत नाही. पुन्हा काढता येणार नाही असे हे चित्र आहे. त्यात काय उरले आहे आणि काय कायमचे गेले आहे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

२. शार्पनिंग म्हणजे काय

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगची जी मूळ रीत असते तिचे नाव ‘अनशार्प मास्क’ आहे. नाव उलटे वाटते, कारण त्याचा अर्थ ‘अस्पष्ट मुखवटा’. हे नाव डार्करूममधून आले. १९३०च्या दशकापासून छायाचित्रकार निगेटिव्हपासून मुद्दाम थोडी धूसर अशी पॉझिटिव्ह प्रत तयार करत. ती फिल्म निगेटिव्हवर जुळवून ठेवत आणि दोन्हींमधून एकत्र प्रकाश जाऊ देत. धूसर प्रत मोठ्या भागांतील उजेड-अंधाराचा फरक कमी करी, पण बारीक कडा तिच्यात नसल्यामुळे त्या तशाच राहत. परिणामी कडा तुलनेने उठून दिसत.

संगणकावर हेच काम वजाबाकीने होते. मूळ चित्र घ्या. त्याची धूसर प्रत बनवा. मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करा. जो फरक उरतो तो कडांपाशी मोठा आणि सपाट भागात जवळजवळ शून्य असतो. तो फरक काही पटीने वाढवून मूळ चित्रात मिळवा.

```
नवे = मूळ + k × (मूळ − धूसर)
```

यात `k` म्हणजे किती पटीने वाढवायचे ते. GIMP या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये `Sharpen (Unsharp Mask)` उघडल्यास तीन पट्ट्या दिसतात. `Amount` म्हणजे हाच `k`. `Radius` म्हणजे धूसर प्रत किती रुंद पसरवायची ते. `Threshold` म्हणजे फरक किती लहान असेल तर त्याला हात लावायचा नाही ते.

या सूत्रात नवीन माहिती कुठूनही येत नाही, हे लक्षात घ्या. कॅमेऱ्याने जे टिपले नाही ते शार्पनिंग आणू शकत नाही. ते फक्त कडेच्या गडद बाजूला आणखी गडद आणि उजळ बाजूला आणखी उजळ करते. मग चित्र स्पष्ट का वाटते? कारण आपली दृष्टीसुद्धा कडांकडे जास्त लक्ष देते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली दाखवले होते की, उजेड जिथे एकदम बदलतो तिथे डोळ्याला प्रत्यक्षात नसलेले गडद व उजळ पट्टे दिसतात. शार्पनिंग हेच पट्टे चित्रात खरोखर रंगवते. ते बारीक आणि फिके असले तर डोळा त्यांना स्पष्टपणा समजतो. जाड आणि ठळक झाले की डोळ्याला ते पट्टे म्हणूनच दिसू लागतात. त्यांनाच आपण वलय म्हणतो.

३. एका ओळीचे गणित

पुलाच्या चित्रातून आकाश आणि केबल यांना छेदणारी पिक्सेलची एकच ओळ घेऊ. सोयीसाठी केबलचा उजेड ६० आणि आकाशाचा १५० धरू. मोजमाप ० म्हणजे काळे आणि २५५ म्हणजे पांढरे. भिंगामुळे कडा नेहमी थोडी पसरलेली असते, म्हणून मध्ये ९० आणि १२० असे दोन टप्पे घेऊ. धूसर प्रत बनवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलची त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांसह सरासरी घेऊ.

कडेच्या पायथ्याशी असलेला ६० घ्या. त्याचे शेजारी ६० आणि ९०. सरासरी ७०. मूळ उणे धूसर म्हणजे −१०. कडेच्या माथ्यावरच्या १५० चे शेजारी १२० आणि १५०. सरासरी १४०. फरक +१०. मधल्या ९० आणि १२० यांचा फरक शून्य येतो, कारण तिथे चढ एकसारखा आहे. बाकी सर्व ठिकाणीही शून्य.

आता `k` बदलून पाहू. हे गणित पुढील ओळींनी स्वतः करून बघा.

```python
import numpy as np
a = np.array([60,60,60,60,90,120,150,150,150,150], float)
def usm(x, k):
    p = np.pad(x, 1, mode="edge")
    blur = (p[:-2] + p[1:-1] + p[2:]) / 3
    return np.clip(x + k*(x - blur), 0, 255)
print(usm(a, 0.6))
print(usm(a, 3))
print(usm(usm(a, 3), 3))
```

उत्तरे अशी येतात:

```
मूळ            60 60 60 60 90 120 150 150 150 150
k = 0.6        60 60 60 54 90 120 156 150 150 150
k = 3          60 60 60 30 90 120 180 150 150 150
k = 3, दोनदा   60 60 90  0 120 90 255 120 150 150
```

पहिल्या खेपेला, `k` ०.६ असताना, केबलची कड ५४ होते आणि आकाशाची कड १५६. सहा-सहाचा फरक. तो वेगळा दिसत नाही, पण कडेचा एकूण चढ थोडा उंचावतो. `k` ३ असताना आकाशात १८० ची एक रेघ उमटते. सभोवती १५० असताना ती ३०ने उजळ आहे. हे वलय झाले.

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. तीच क्रिया दुसऱ्यांदा केली की परिणाम दुप्पट होत नाही, त्याचे स्वरूपच बदलते. केबलच्या आत ९० ची उजळ रेघ आली, तिच्या शेजारी ० ची काळी रेघ आली. कडेचा चढ मोडला, कारण १२० नंतर ९० आले. आकाशात २५५ ची पांढरी रेघ आणि तिच्या बाहेर १२० ची गडद रेघ. एका कडेच्या जागी आता चार-पाच कडा आहेत. दुसऱ्या खेपेला सूत्र पहिल्या वलयालाच खरी कडा समजले आणि त्या वलयालाही वलय लावले.

प्रत्यक्ष सॉफ्टवेअर साध्या सरासरीऐवजी मध्याकडे जास्त वजन देणारी धूसरता वापरते आणि ती दोन दिशांनी असते. त्यामुळे आकडे वेगळे येतील, पण रेघांचा हा क्रम तसाच दिसेल.

माझ्या चित्रात नेमके हेच घडले होते. कॅमेऱ्यातील शार्पनिंगची पट्टी मी वर नेऊन ठेवली होती, म्हणजे जेपेग बनतानाच पहिली खेप झाली. मग संगणकावर `Radius` ३ आणि मोठा `Amount` ठेवून दुसरी खेप केली. घरच्या लहान पडद्यावर संपूर्ण चित्र आक्रसून दिसत होते, त्यात वलये मिटून जात होती. म्हणून ‘अजून थोडे’ असे करत पट्टी पुढे सरकत गेली.

४. खरखरीत पोत कुठून येतो

वलय कडेवर येते. पण चित्रातील आकाशात कडा नव्हती, तरी ते दाणेदार झाले. याचे कारण सूत्राला कडा आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही.

संध्याकाळच्या उजेडात कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्येक पिक्सेलचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. समजा सपाट आकाशातला एक पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा ३ने उजळ आहे. डोळ्याला तो दिसत नाही. `k` ३ ठेवून एकदा शार्पनिंग केले की आपल्या एका ओळीच्या नमुन्यात हा ३ चा फरक ९ होतो, आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना −३ मिळतात. दुसऱ्या खेपेला ९ चे ३३ होतात. तीन, नऊ, तेहतीस. नजरेस न पडणारा ठिपका अशा रीतीने रव्याचा दाणा होतो. छायाचित्रकार अशा पोताला ‘कुरकुरीत’ म्हणतात.

जेपेग फाइलमध्ये आणखी एक भर पडते. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करून साठवते. चौकोनांच्या सीमांवर अगदी फिकट पायऱ्या राहतात. शार्पनिंग त्यांनाही कडा समजते. माझ्या चित्रात मनोऱ्याच्या सपाट सिमेंटवर जी जाळी दिसते ती बांधकामाची नाही, ती या चौकोनांची आहे. कोणी हे चित्र पाहून सिमेंटला बारीक भेगा पडल्या आहेत असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल.

हा धोका वैज्ञानिकांना चांगला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी १९७०च्या दशकात अनशार्प मास्कची डार्करूममधील रीत खगोलीय निगेटिव्हवर वापरली आणि लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची अतिशय फिकट कवचे उजेडात आणली. तिथे क्रिया हीच होती, पण ती फिल्मवर खरोखर नोंदल्या गेलेल्या फरकावर चालत होती. परीक्षकाने विचारायचा प्रश्न हाच: मला जे दिसते आहे ते टिपलेले आहे की बनवलेले?

५. ओळखायचे कसे

पहिली गोष्ट, चित्र १०० टक्क्यांवर पाहा, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल. ५० किंवा ३३ टक्क्यांवर सॉफ्टवेअर शेजारचे पिक्सेल मिसळते आणि दोष लपतो.

दुसरी गोष्ट, गडद वस्तू आणि मध्यम उजेडाची पार्श्वभूमी जिथे भेटतात अशी जागा शोधा. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर वलय शोधू नका. याचे कारण पुलाच्याच दुसऱ्या चित्रातून कळते. त्याच जागेवरून मी पावसाळ्यातल्या एका दुपारी काढलेले चित्र आहे, त्यावरही तेच शार्पनिंग केले होते, पण त्यात पांढरी रेघ फारशी जाणवत नाही. त्या दिवशी ढगाळ आकाशाचा उजेड २४० च्या आसपास होता. ६०, १२०, १८०, २४० अशी कडा घेऊन वरचे गणित केले, तर `k` ३ला माथ्यावर ३०० येतात. पण पांढऱ्याला २५५ च्या पुढे जागा नाही, म्हणून वलय फक्त १५ने उजळ दिसते. ते चित्र चांगले झाले असे मात्र नाही. दुसऱ्या बाजूला ६० चे ० झाले. केबलच्या कडेचा गडद तपशील काळ्यात बुडाला. दोष आकाशातून उठून केबलमध्ये गेला एवढेच.

तिसरी गोष्ट, रंग टिपणाऱ्या साधनाने आकडे वाचा. मोकळ्या आकाशात एक आकडा घ्या, केबलला लागून एक घ्या, आणि दोन केबलींमधल्या फटीत एक घ्या. कॅमेऱ्याच्या कोनामुळे केबली जिथे दाटीने दिसतात तिथे फट साधारण १२ पिक्सेलची आहे, आणि माझे वलय सुमारे ६ पिक्सेल रुंद आहे. दोन्ही बाजूंची वलये मिळून फट भरून काढतात. त्यामुळे केबलींमधले आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा उजळ झाले आहे. हा सर्वांत खात्रीचा पुरावा आहे, कारण एकाच आकाशाचा उजेड केबलींच्या आत गेल्यावर वाढण्याचे दुसरे कारण इथे नाही.

६. परीक्षण: चित्राचे काय झाले

आता तांत्रिक भाग बाजूला ठेवून चित्र म्हणून त्याकडे पाहू.

या चित्रात तीन अंतरे होती. पुढे रुळ आणि खडी, मध्ये पूल, मागे दूरच्या इमारती. के. आर. पुरमच्या संध्याकाळी रस्त्यावरची धूळ आणि धूर हवेत तरंगत असतात, त्यामुळे मागच्या इमारती फिकट आणि मऊ कडांच्या दिसतात. ती मऊ कडा म्हणजेच अंतराची खूण. डोळा तिच्यावरून ठरवतो की ही वस्तू दूर आहे. शार्पनिंगने दूरच्या इमारतींच्या कडाही खडीइतक्याच ठसठशीत केल्या. परिणामी मागचे शहर पुलाला येऊन चिकटले. हवा गेली, आणि हवेबरोबर संध्याकाळही गेली.

दुसरे नुकसान जोराचे. केबल हा या चित्राचा नायक. ती ताणलेली आहे, तिच्यावर रस्त्याचे वजन आहे, आणि चित्र पाहताना तो ताण जाणवायला हवा. सलग, गडद, सरळ रेषेमुळे तो जाणवतो. वलय आल्यावर एका रेषेच्या जागी पांढरी, काळी, पांढरी अशी तीन रेषांची पट्टी झाली. ताणलेल्या लोखंडाऐवजी ती कागदावर चिकटवलेल्या फितीसारखी दिसते.

तिसरे नुकसान निवडीचे. छायाचित्रकार एखाद्या भागावर भर देतो याचा अर्थ दुसऱ्या भागावर देत नाही. इथे खडी, पाने, सिमेंट, धूर, आकाश सर्वांना सारखाच भर मिळाला आहे. डोळा थांबावा अशी जागा चित्रात उरलेली नाही. मी त्या वेळी याला ‘तपशील’ म्हणत होतो. आज वाटते की तो तपशील नव्हता. सगळीकडे एकाच मापाचा दाणा टाकला होता.

चित्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. मांडणी शाबूत आहे. मनोरा कुठे उभा आहे, रुळ किती आहेत, रस्त्याची रांग कुठपर्यंत आहे, मेट्रोआधी आकाश किती मोकळे होते, हे सगळे अजून वाचता येते. दस्तऐवज म्हणून चित्र जिवंत आहे. पृष्ठभागाचा पुरावा म्हणून मात्र ते निकामी आहे.

७. दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

झालेले शार्पनिंग उलटवता येते का? एकच हलकी खेप झाली असती आणि कोणताही पिक्सेल ० किंवा २५५ ला भिडला नसता, तर थोडी धूसरता लावून बरेच जुळवता आले असते. पण आपल्या चौथ्या ओळीत −६० चा ० झाला आहे आणि २७० चा २५५. कापला गेलेला आकडा किती होता हे फाइलमध्ये कुठेही नोंदलेले नाही. वर जेपेगने त्यातला बारीक फरकही टाकून दिला आहे. म्हणून पूर्ण दुरुस्ती शक्य नाही.

दोन उपाय उरतात. पहिला, हाताने केलेली डागडुजी. केबलशेजारच्या मोकळ्या आकाशाचा नमुना घेऊन तो वलयावर ‘फक्त गडद करा’ या प्रकाराने लावायचा, म्हणजे GIMP मधील `Darken only`. आकाशापेक्षा उजळ असलेली रेघ मिटते आणि केबल गडद असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. मोजक्या केबलींसाठी हे जमते. पानांसाठी आणि खडीसाठी जमत नाही, कारण तिथे खरे काय होते हे आपल्याला माहीत नाही. तिथे रंगवणे म्हणजे दस्तऐवज खोटा करणे.

दुसरा उपाय साधा आहे: चित्र लहान छापणे. ए-२ कागदाची लांब बाजू ५९४ मिलिमीटर. ६००० पिक्सेल त्यावर पसरले की एका मिलिमीटरमध्ये सुमारे १० पिक्सेल येतात. ६ पिक्सेलचे वलय म्हणजे ०.६ मिलिमीटर. अर्ध्या मीटरवरून चांगली नजर साधारण ०.१५ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखते, म्हणून भिंतीवर ते वलय खडूच्या रेघेसारखे दिसले. तेच चित्र १५० मिलिमीटर रुंद छापले तर एका मिलिमीटरमध्ये ४० पिक्सेल येतात आणि वलय ०.१५ मिलिमीटर होते, म्हणजे नजरेच्या उंबरठ्यावर. आम्ही शेवटी तेच केले. पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे चित्र, खाली वर्ष आणि जागा. जवळ वाकून पाहिले तरच दोष कळतो.

८. मग योग्य माप कोणते

त्याच परिसरातून मी मेट्रोसह पुलाचे नवे चित्र घेतले, कच्च्या फाइलमध्ये. कॅमेऱ्यातील शार्पनिंग कच्च्या फाइलला लागत नाही, त्यामुळे पहिली खेप आपल्या हातात राहते. ब्रूस फ्रेझर यांनी शार्पनिंगचे काम टप्प्यांत वाटावे असे सुचवले होते. भिंग आणि संवेदकाची धूसरता भरून काढणारा हलका पहिला टप्पा, चित्रातील निवडक भागासाठी मधला टप्पा, आणि अंतिम आकार ठरल्यावर माध्यमासाठी शेवटचा. मी मधला टप्पा फक्त केबली आणि मनोऱ्यापुरता ठेवला. आकाश आणि दूरच्या इमारती मुखवट्याने वगळल्या.

शेवटचा टप्पा नेहमी आकार बदलल्यानंतर करायचा. आधी शार्पनिंग आणि मग आकार लहान केला, तर आपण घातलेल्या बारीक रेघा सरासरीत विरघळतात आणि माप चुकते. पडद्यासाठी मी वापरलेली आज्ञा ही:

```
magick pul.tif -resize 1600x -unsharp 0x0.6+0.6+0.015 -quality 90 pul.jpg
```

यात रुंदी १६०० पिक्सेल आहे, धूसरतेचा पसर ०.६ पिक्सेल, `k` ०.६, आणि ०.०१५ हा उंबरठा. म्हणजे पूर्ण श्रेणीच्या दीड टक्क्यापेक्षा, सुमारे ४ पेक्षा, कमी फरक असेल तर तिथे काही करायचे नाही. आपल्या आकाशातल्या ३ ने उजळ पिक्सेलचा धूसर प्रतीपासूनचा फरक २ येतो. तो उंबरठ्याखाली राहतो आणि आकाश शांत राहते. हे आकडे दुसऱ्या चित्राला जसेच्या तसे लागू होतील असे नाही. गोंगाट जास्त असेल तर उंबरठा वाढवावा लागेल. कागदावर शाई पसरते, त्यामुळे छपाईसाठी `k` थोडा जास्त चालतो.

शार्पनिंगने न सुटणाऱ्या गोष्टीही ओळखा. नव्या चित्रात धावती मेट्रो आहे आणि तिचे डबे हलल्यामुळे धूसर आले आहेत. त्या धूसरतेला कडाच नाही, ती एका दिशेने ओढलेली पट्टी आहे. अनशार्प मास्क लावल्यावर त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना वलय आले, डब्याच्या खिडक्या काही परत आल्या नाहीत. मी ते रद्द केले आणि गाडी धूसर राहू दिली. ती धावत होती.

सारांश

शार्पनिंग कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवते, तपशील निर्माण करत नाही. मोठा `Radius` वलय रुंद करतो, मोठा `Amount` ते ठळक करतो, आणि उंबरठा शून्य ठेवला की गोंगाटाचा दाणा होतो. दोनदा केलेले शार्पनिंग दुप्पट परिणाम देत नाही, नव्या खोट्या कडा देते. ० आणि २५५ ला कापले गेलेले आकडे परत येत नाहीत. म्हणून मूळ फाइल पुसू नये.

स्वाध्याय

१. वरील प्रोग्राममध्ये केबल ६०, आकाश २४० आणि मधले टप्पे १२० व १८० घेऊन `k` ०.६ आणि ३ साठी उत्तरे काढा. कोणत्या बाजूला किती माहिती कापली गेली ते लिहा.

२. दोन्ही बाजूंना आकाश आणि मध्ये फक्त तीन पिक्सेल जाडीची केबल अशी ओळ तयार करा. दोनदा शार्पनिंग केल्यावर केबलच्या मधल्या पिक्सेलचे काय होते?

३. तुमच्या फोनमधील एक चित्र १०० टक्क्यांवर उघडा. विजेच्या तारा किंवा इमारतीची कड आकाशाला भिडते तिथे तीन आकडे नोंदवा आणि फोनने स्वतः शार्पनिंग केले आहे का, याचा निर्णय पुराव्यासहित द्या.